सारखे दिसणारे खांब : फोटोतला वाटसरू पुसण्याचा इतिहास

मंडळी, आज आपण एका साध्याशा कामाचा इतिहास बघणार आहोत. कार्ल्याच्या चैत्यगृहात आपण फोटो काढतो. मधल्या दालनातून थेट स्तूपापर्यंत नजर जाते, दोन्ही बाजूंना खांबांच्या रांगा, आणि नेमका डावीकडच्या खांबापुढे कुणी तरी अनोळखी माणूस पाणी पीत उभा. फोटो बाकी छान आलेला असतो. घरी आल्यावर वाटतं, एवढा माणूस पुसता आला तर! मागे काय, खांबच तर आहेत, एकसारखे एक. शेजारचा उचलून इथे ठेवला की झालं.

हे 'एकसारखे एक' म्हणणंच किती फसवं आहे, त्याभोवती आजचं बोलणं फिरणार आहे. पण आधी थोडं मागे जाऊ.

गंमत अशी की फोटोग्राफीच्या सुरुवातीला वाटसरू पुसावा लागतच नसे, तो आपोआप पुसला जाई. १८३८ साली दागेर यांनी पॅरिसमधल्या बुलवार द्यू ताँप्ल या रस्त्याचं छायाचित्र घेतलं. रस्ता वर्दळीचा, पण चित्रात तो ओस पडलेला दिसतो. प्लेटवर प्रतिमा उमटायला काही मिनिटं लागत, आणि चालणारा माणूस कुठल्याही एका जागी एवढा वेळ थांबत नसे. त्याच्या मागचा दगड मात्र हलत नव्हता, म्हणून दगड उमटला आणि माणूस विरून गेला. कोपऱ्यात एक जण तेवढा टिकला, कारण तो बूट पॉलिश करून घ्यायला उभा होता. हा बूटवाला गृहस्थ लक्षात ठेवा, तो पुढे पुन्हा भेटणार आहे.

पुढे प्लेटा आणि फिल्म जलद झाल्या, वाटसरू जागच्या जागी गोठू लागले, आणि त्यांना काढायचं काम हाताचं झालं. निगेटिव्हवर पेन्सिल, ब्रश, शाई, प्रिंटवर खरवडणं. रिटच करणारा कारागीर मागची भिंत मनाने रंगवत असे. १९९० साली फोटोशॉप बाजारात आलं तेव्हा त्यात शिक्क्याचं हत्यार होतं : एका जागचा तुकडा उचलायचा आणि दुसरीकडे उमटवायचा. गवत, वाळू, आभाळ यांवर ते झकास चालतं. २००२ साली हीलिंग ब्रश आला. तो पोत एका जागचा घेतो आणि उजेड-रंग मात्र जिथे लावायचं तिथला राखतो. कार्ल्यासारख्या ठिकाणी हे फार उपयोगी, कारण तिथे उजेड येतो तो मुख्यतः दर्शनी भागातल्या मोठ्या कमानीतून. जसजसं आत जावं तसतसे खांब काळवंडत जातात, आणि साध्या शिक्क्याने उमटवलेला खांब लगेच ओळखू येतो.

पण उजेड जुळला म्हणून मापं जुळत नाहीत. ओळीतले खांब दूर जाताना लहान दिसतात, आणि ते कसे लहान होतात याचा आपला अंदाज हमखास चुकतो. आपण एक उदाहरण करून पाहू. समजा, सारख्या अंतरावरचे तीन खांब आहेत. फोटोत पहिला १२०० पिक्सेल उंच दिसतो, तिसरा ६००. मधला माणसाआड गेलाय. तो किती उंच असेल? सभागृहात कुणी तरी आत्ताच ९०० म्हणालं. आपल्या सगळ्यांच्या मनात तेच येतं, कारण ती बरोबर मधली संख्या आहे. उत्तर आहे ८००.

असं का, ते बघा. फोटोतली उंची अंतराच्या उलट प्रमाणात कमी होते. तिसरा निम्मा दिसतो म्हणजे तो पहिल्याच्या दुप्पट अंतरावर आहे. मधला त्या दोहोंच्या बरोबर मध्ये, म्हणजे दीडपट अंतरावर. आणि १२०० भागिले दीड म्हणजे ८००. आडव्या मापालाही हेच लागू. रांगा जिथे मिळाल्यासारख्या वाटतात त्या बिंदूपासून पहिला खांब ९०० पिक्सेल दूर असेल, तर मधला ६०० वर आणि तिसरा ४५० वर येईल. म्हणजे पहिली फट ३०० ची, दुसरी १५० ची. मधला खांब ९०० उंचीचा करून ठेवला तर बघणाऱ्याला गणित येत नसलं तरी काही तरी खटकतं. रांग मध्येच पोक काढल्यासारखी दिसते. २००५ साली फोटोशॉपमध्ये 'व्हॅनिशिंग पॉइंट' नावाची सोय आली ती यासाठीच. आपण पृष्ठभागाचे चार कोपरे दाखवायचे, मग शिक्का मारताना तुकडा आपोआप त्या प्रमाणात आखडतो. भिंतीच्या विटांना, फरशीला ती उत्तम. गोल-अष्टकोनी खांबाला मात्र अर्धीच उपयोगी, कारण पुढे सरकताना खांबाची वेगळी बाजू दिसू लागते, आणि ती बाजू नुसतं आखडून मिळत नाही.

आता संगणकाने स्वतःच भोक भरण्याकडे येऊ. १९९९ साली इफ्रॉस आणि लेउंग यांनी एक सोपी कल्पना मांडली : रिकाम्या जागेच्या कडेचा एक पिक्सेल घ्या, त्याच्या आजूबाजूचा परिसर बघा, चित्रात तसाच परिसर दुसरीकडे कुठे आहे ते शोधा, आणि तिथला पिक्सेल इथे आणा. पुढच्याच वर्षी बेर्तालमिओ आणि सहकाऱ्यांनी दुसरा मार्ग दाखवला, कडेच्या रेषा आत ओढत नेण्याचा. बारीक ओरखड्याला तो छान, पण माणसाएवढ्या भोकात सगळा धुरळा होतो. मग क्रिमिनिसी, पेरेझ आणि तोयामा यांनी तुकडे आणण्याचा क्रम सुधारला : जिथे ठळक रेषा भोकात शिरते तिथे आधी भरायचं, सपाट भाग नंतर. २००९ साली पॅचमॅच नावाच्या पद्धतीने हा शोध इतका जलद केला की २०१० पासून 'कंटेंट-अवेअर फिल' एका क्लिकवर आलं.

पण नक्षी वारंवार येणारी असली की नेमकं इथेच बिघडतं. पद्धत विचारते, 'असा तुकडा दुसरीकडे कुठे आहे?' खांबांच्या रांगेत उत्तर येतं, 'दहा ठिकाणी!' सगळी उत्तरं जवळजवळ सारखी चांगली. डावीकडून भरत आलेली बाजू एका खांबाचा तुकडा घेते, उजवीकडून आलेली दुसऱ्याचा, आणि मध्ये त्यांची गाठ पडते तेव्हा दोघांचा ताल जुळत नाही. मग दीड खांब तयार होतो, किंवा दोन खांबांमधली फट नाहीशी होते. प्रत्येक बारीक तुकडा खरा आणि एकूण चित्र खोटं, असा प्रकार. २०१२ साली हे आणि सुन यांनी यावर चांगला उपाय सुचवला : आधी सगळ्या चित्रात सारखे तुकडे एकमेकांपासून किती अंतरावर येतात ते मोजायचं, जी थोडी अंतरं पुन्हापुन्हा येतात तेवढीच धरायची, आणि भोक फक्त त्याच सरकण्याने भरायचं. समोरून घेतलेल्या जाळीच्या किंवा खिडक्यांच्या फोटोला हे फार छान लागू पडतं. तिरक्या फोटोत मात्र आपण आत्ताच पाहिलं की फट ३०० ची १५० होते; तिथे एक ठराविक अंतर नसतंच. म्हणून २०१४ साली हुआंग आणि सहकाऱ्यांनी आधी पृष्ठभाग ओळखून, तो सरळ केल्यासारखं मानून मग तुकडे शोधायचा मार्ग काढला.

आमच्या मते हे सगळं शिकण्यासारखं आहे, पण कार्ल्यात उभं असताना सोपा मार्ग दागेर यांचाच. कॅमेरा स्थिर ठेवा आणि थोड्या थोड्या वेळाने नऊ फोटो घ्या. नंतर प्रत्येक पिक्सेलच्या नऊ किमती चढत्या क्रमाने लावा आणि मधली, म्हणजे पाचवी, निवडा. यालाच मध्यक म्हणतात. एखाद्या जागी नऊपैकी किमान पाच वेळा खांब दिसला असेल, तर तिथे खांबच उरतो. माणूस कधी आला, कधी गेला, काही फरक पडत नाही. सरासरी घेऊ नका, तिच्यात माणसाचं फिकट भूत राहतं. आणि जो सहा फोटो होईपर्यंत एकाच जागी उभा राहतो तो हटत नाही. हाच आपला बूटवाला! त्याला विनंती करावी, किंवा चहा घेऊन यावं.

या मार्गाचा खरा फायदा सोयीपलीकडचा आहे. इथे मागे जे उरतं ते खरोखर तिथे असलेलं असतं. आणि कार्ल्याचे खांब सारखे नाहीत. सुमारे इसवी सनाच्या पहिल्या शतकातलं हे चैत्यगृह. दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा खांब, खाली पायऱ्यापायऱ्यांच्या बैठकीवर घट, वर अष्टकोनी दांडा, त्यावर हत्तींवर बसलेली जोडपी. लांबून एकच साचा वाटतो. जवळ गेलात तर कुठे स्त्री-पुरुष आहेत, कुठे दोन्ही स्त्रिया. शिवाय कित्येक खांबांवर ब्राह्मी लिपीत, प्राकृतात दात्यांची नावं कोरलेली आहेत. त्यात धेनुकाकट नावाच्या गावाचे लोक आहेत, यवन म्हणवणारेही आहेत. हा खांब अमक्याचं दान, एवढाच मजकूर. आता शेजारचा खांब उचलून इथे ठेवला तर एका दात्याचं दान दुसऱ्याच्या जागी गेलं आणि एकाचं नाव चित्रातून गेलं. घरच्या अल्बममध्ये याने काही बिघडत नाही. पण तेच चित्र वर्षभराने एखाद्या पुस्तकात, एखाद्या संग्रहात जातं, आणि तिथे त्याच्याकडे पुरावा म्हणून पाहिलं जातं.

असा भरलेला फोटो ओळखायचा कसा? खांबांकडे बघू नका, डागांकडे बघा. दगडातला ढलपा, पाण्याचा ओघळ, शेवाळ्याचा ठिपका या गोष्टी कधी सारख्या नसतात. एकच ढलपा दोन खांबांवर दिसला की समजा शिक्का मारलाय. मग जमिनीकडे या : माणूस गेला पण त्याची सावली किंवा गुळगुळीत फरशीतलं प्रतिबिंब पुष्कळदा मागे राहतं. आणि शेवटी मोजा. कार्ल्यात स्तूपामागे जे सात खांब आहेत ते साधे अष्टकोनी आहेत, त्यांना ना घट ना हत्ती. स्तूपाजवळ उभा असलेला माणूस पुसताना यंत्र आसपासच्या बहुसंख्य खांबांचं अनुकरण करतं आणि त्या साध्या खांबाच्या तळाशी घट बसवून देतं. असा घट असलेला मागचा खांब फोटोत दिसला, तर तिथे कुणी तरी उभं होतं हे नक्की.