रोमन अक्षरांतून मराठी टंकलेखन आणि शब्दसूचना

रोमन कळा दाबून मराठी शब्द उच्चाराप्रमाणे लिहायचा आणि पडद्यावर तो देवनागरीत उमटवून घ्यायचा, या रीतीला लिप्यंतरित टंकलेखन म्हणतात. मोबाइलवर कळफलकाच्या वर एक पट्टी असते. चालू शब्दाचे दोन-तीन पर्याय तिथे दिसतात आणि शब्द पुरा झाला की पुढे कोणता येईल याची सूचनाही तिथेच मिळते. दोन्ही कामांच्या मुळाशी एकच हिशोब आहे : आजवर गोळा झालेल्या मराठी मजकुरात कोणता शब्द किती वेळा आणि कोणत्या शब्दामागून आला. चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतली गावांची नावे, पिके आणि बोली या मजकुरात कमी आहेत, त्यामुळे हा हिशोब कुठे घसरतो ते तिथे नेमके पाहायला मिळते.

सुरुवातीच्या पद्धतींत अंदाजाला जागाच नव्हती. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला अविनाश चोपडे यांनी तयार केलेल्या ‘आयट्रान्स’मध्ये प्रत्येक अक्षराला ठरलेला रोमन संकेत होता, आणि लहान व मोठी अक्षरे वेगवेगळी मोजली जात. ‘गडचिरोली’ लिहायला `gaDachirolI` असे टंकावे लागे. मोठा `D` म्हणजे ड, शेवटचा मोठा `I` म्हणजे दीर्घ ई, आणि मधला `a` गाळला तर ड चा पाय मोडून पुढच्या च ला चिकटे. संगणकावर लोकप्रिय झालेले ‘बराह’ही याच वाटेने गेले. संकेत पाठ असले की शब्द हमखास बरोबर येतो, पण ते पाठ करावे लागतात.

फोनवर मात्र माणूस सरळ `gadchiroli` लिहितो. आता कळफलकाने काय समजायचे? पहिला `a` अ किंवा आ, `d` म्हणजे ड, द, ढ किंवा ध. तो पुढच्या अक्षराला जोडायचा की सुटा ठेवायचा हा वेगळा प्रश्न. `ch` च किंवा छ, `l` ल किंवा ळ, आणि दोन्ही `i` ऱ्हस्व किंवा दीर्घ. एवढ्या शक्यता गुणल्या तर २५६ रूपे होतात. त्यांतले एकच शब्दसंग्रहात भेटते, कारण जिल्ह्याचे नाव बातम्यांत आणि शासकीय मजकुरात सतत येते. म्हणून ते बिनचूक उमटते.

रोमन लेखनाला प्रमाण रूप नसल्याने उलटा प्रश्नही असतो. वनहक्क हा शब्द कुणी `vanhakk` लिहितो, कुणी `vanhakka`, कुणी `wanhak`. अशी विविधता कळफलकाला शिकवण्यासाठी भाषकांकडून शब्दांची रोमन रूपे लिहून घेतात. गूगलने २०२० मध्ये खुला केलेला ‘दक्षिणा’ हा संग्रह अशा रूपांचा आहे आणि त्यातल्या बारा भाषांत मराठी आहे.

खरी अडचण येते ती एकाच रोमन लेखनातून दोन शुद्ध मराठी शब्द निघतात तेव्हा. चंद्रपूर जिल्ह्यातले मूल हे तालुक्याचे गाव घ्या. `mul` टंकले की मूल आणि मूळ असे दोन्ही पर्याय योग्य असतात. मूल निवडले तरी ते गाव की लेकरू हे कळफलकाला कळत नाही, आणि पुढचा प्रत्यय लावताना ते महागात पडते. लेकराचे ‘मुलाला’ होते, गावाचे सामान्यरूप होत नाही, ते ‘मूलला’ राहते. `mulala` लिहिले तर ‘मुलाला’ येणार, कारण ते रूप सगळीकडे आहे. `mulla` लिहिले तर ‘मुल्ला’ पुढे सरसावू शकते. मग लोक `mul la` असे तोडून टंकतात आणि ‘मूल ला’ असा प्रत्यय सुटा पडलेला मजकूर निघतो. असा सुटा ‘ला’ दिसला की बहुतेकदा समजावे, लिहिणाऱ्याने कळफलकाशी तडजोड केली आहे.

पर्याय निवडताना मागचा शब्द मदतीला येतो. `darya` यातून समुद्राचा दर्या निघतो आणि डोंगरांतल्या दऱ्याही निघतात. मागे ‘डोंगर’ असेल तर दऱ्या वर यायला हवे, कारण संग्रहात ही जोडी वारंवार येते. जोडी कुठेच सापडली नाही, तर कळफलक मागचा शब्द सोडून देतो आणि सुट्या शब्दाच्या वारंवारतेवर येतो. नवे कळफलक जोड्या मोजण्याऐवजी लहान न्यूरल जाळे वापरतात. त्यालाही शिकायला मजकूरच लागतो.

संदर्भ मागून येत असेल तर हे सारे अपुरे पडते. `dhan kharedi` हे शब्द पाहा. हमीभावाच्या धान खरेदीची माहिती देणाऱ्याला ‘धान’ हवे असते, पण स्पेसची कळ दाबताच पहिला पर्याय पक्का होतो, आणि त्या क्षणी ‘खरेदी’ अजून लिहायचे असते. ‘धन’ संग्रहात जास्त वेळा आले असेल तर तेच बसते. चूक शुद्धलेखन तपासणीतही सापडत नाही, कारण धन हा शब्द शुद्धच आहे. अशा ठिकाणी वाक्य पुरे झाल्यावर मागे वळून वाचणे हाच एक खात्रीचा उपाय.

मराठीचे प्रत्यय शब्दसूचनेलाही जड जातात. तेंदूपत्ता या एका शब्दाची तेंदूपत्त्याचा, तेंदूपत्त्याला, तेंदूपत्त्यासाठी अशी रूपे होतात आणि यंत्राच्या दृष्टीने प्रत्येक रूप निराळा शब्द असते. मूळ शब्द पाचशे वेळा आला असे धरले, तरी ‘तेंदूपत्त्यासाठी’ जेमतेम दोनदा आलेले असू शकते. त्यामुळे ‘तेंदूपत्त्याच्या’ या रूपामागून ‘लिलावात’ येईल, हे सांगायला लागणाऱ्या नोंदी फार विरळ राहतात. शिवाय हे रूप टंकताना `tendupattyachya` यात दोन `t` आणि लगेच `y` नीट पडावे लागतात. एक `t` गळाला तर जोडाक्षर बिघडते.

बोलीभाषेत लिहिणाऱ्याला वेगळाच त्रास होतो. पूर्व विदर्भाच्या झाडीबोलीत ण च्या जागी न येतो : पानी, कोन. `pani` टंकले की प्रमाण मराठीचा हिशोब पाणी पुढे करतो, आणि झाडीबोलीत गोष्ट लिहिणाऱ्याला दर वेळी पट्टीवरचा मागचा पर्याय उचलावा लागतो. लक्ष चुकले तर एकाच परिच्छेदात पाणी आणि पानी दोन्ही उरतात. हे नुकसान छोटे नाही. छापून आलेला असा मजकूर पाहून पुढचा वाचक बोलीचे रूपच डळमळीत समजतो. माडिया गोंडांच्या गोटुलासारख्या शब्दांना तर मराठी संग्रहात फारसे स्थान नसल्यामुळे कळफलक ते अक्षरशः, कधी ऱ्हस्व-दीर्घ चुकवून, बसवतो.

यावर वापरणाऱ्याच्या हाती एक साधन असते. पट्टीवरचा योग्य पर्याय बोटाने निवडत गेले की बहुतेक कळफलक ती निवड लक्षात ठेवतात, आणि काही दिवसांत धान आणि पानी आपोआप पुढे येऊ लागतात. चुकीचे रूप निवडले गेले तर तेही तसेच लक्षात राहते, म्हणून ते सूचनेत दिसताच दाबून धरून काढून टाकावे. वैयक्तिक शब्दकोशाची सोय असेल तर आलापल्ली, पोंभुर्णा, सिरोंचा अशी नावे एकदाच घालून ठेवता येतात. आलापल्लीत तर रोमन पाटीवर दोन्हीकडे `ll` असते आणि देवनागरीत पहिला ल एकच, त्यामुळे अक्षरशः लिप्यंतर केल्यास नाव चुकते.

ही शिकवण त्या एका फोनपुरती राहते. अनेक फोनवरच्या सवयींतून, मजकूर फोनबाहेर न नेता, सामाईक नमुना सुधारण्याची पद्धत गूगलने २०१७ मध्ये आपल्या कळफलकासाठी जाहीर केली. तिच्यातही जे शब्द पुष्कळ लोक वापरतात तेच वर येतात. एटापल्ली आणि भामरागडच्या मोजक्या फोनांवर उमटणारा गोटूल त्या बेरजेत फारसे वजन धरत नाही.