हेरकथा, बनारसच्या

हेरकथा, बनारसच्या : वाराणसीत रचलेल्या, छापलेल्या किंवा या शहरातून कथानक पुढे नेणाऱ्या हेरगिरीच्या कादंबऱ्या. एका टोकाला यंत्रे, भुयारे आणि मोहिनी घालणारी हत्यारे, तर दुसऱ्या टोकाला आगगाडीच्या तिसऱ्या वर्गाच्या डब्यात जीव मुठीत धरून बसलेला जखमी हेर, असा त्यांचा पल्ला आहे. वाचकाने आपल्याला कोणता सूर रुचतो ते आधी ठरवून त्याप्रमाणे पुस्तक निवडावे, या हेतूने येथे त्यांची मांडणी अद्भुताकडून वास्तवाकडे केली आहे.

उगम : देवकीनंदन खत्री (1861–1913) यांना काशीनरेशांच्या चकिया आणि नौगढ भागातील जंगलांचे ठेके मिळाले होते. त्या निमित्ताने या मुलखातील रानवाटा आणि पडके गड त्यांच्या पायांखालून गेले. ‘चंद्रकांता’ (1888) या कादंबरीतील नौगढ, विजयगढ आणि चुनार ही तिन्ही ठिकाणे खरी आहेत. पहिले आज चंदौली, दुसरे सोनभद्र आणि तिसरे मिर्झापूर जिल्ह्यात येते. 1898 मध्ये खत्रींनी बनारसमध्ये लहरी प्रेस काढला, आणि लेखन व छपाई एकाच घरात आली.

हलकाफुलका सूर, ‘चंद्रकांता’ : नौगढचा राजपुत्र वीरेंद्रसिंह आणि विजयगढची राजकन्या चंद्रकांता यांच्या प्रेमाची ही कथा असली, तरी ती पुढे नेतात ते ऐयार. ऐयार हा दरबारी नोकरीतला हेर. वेष पालटणे, औषधे ओळखणे, गाणे, धावणे, हत्यार चालवणे हे सारे त्याला यावे लागते. त्याच्या बटव्यात बेशुद्ध करणारी पूड, शुद्धीवर आणणारा लखलखा आणि चेहरा रंगवण्याचे साहित्य असते. कमरेला कमंद, म्हणजे भिंत चढण्याचा दोर. तेजसिंहासारखा ऐयार शत्रूला पूड हुंगवतो, त्याचे गाठोडे बांधून पाठीवर टाकतो आणि त्याचेच रूप घेऊन त्याच्या गोटात शिरतो. सोंग उघडे पाडायचे तर संशयिताला तोंड धुवायला लावायचे किंवा आधी ठरलेली खूण विचारायची. खूण विचारायला विसरणारा फसतो, आणि कथानकाची बरीच वळणे या एका विसरभोळेपणातून निघतात. येथे रक्त फारसे सांडत नाही. ऐयारांनी लढाया सैन्याचा संहार न होता संपवाव्यात, ही लेखकाची स्वतःची भूमिका होती. 1994 मध्ये दूरदर्शनवर आलेल्या मालिकेने मूळ कथेत पुष्कळ फेरफार केले, त्यामुळे मालिका पाहिलेल्यांनाही पुस्तक नवे वाटेल.

यंत्राद्भुत, ‘चंद्रकांता संतति’ : वीरेंद्रसिंहाच्या मुलांची ही कथा 24 भागांची आहे. तिलिस्म, म्हणजे खजिना राखण्यासाठी यंत्रांनी बांधलेली चक्रव्यूहासारखी वास्तू, येथे पूर्ण बहरास येते. या पुस्तकातील सर्वांत लक्षात राहणारे साधन म्हणजे तिलिस्मी खंजीर. त्याची मूठ दाबली की विजेसारखा लखलखाट होऊन समोरच्याचे डोळे दिपतात, आणि पाते अंगाला नुसते लागले तरी माणूस बेशुद्ध पडतो. त्याच्या जोडीची अंगठी ज्याच्या बोटात असेल, त्यालाच त्याची बाधा होत नाही. खत्रींचे कसब या अटीत आहे. खंजीर सर्वशक्तिमान असता तर गोष्ट दोन पानांत संपली असती. अंगठीमुळे शत्रूला तोड मिळते आणि झगडा चालू राहतो. पुढे अनेक चमत्कारांचा उलगडा कळा, तारा आणि मसाले यांनी केला जातो, भुताखेतांनी नव्हे. इयान फ्लेमिंगचा जेम्स बाँड (1953 पासून) आवडणाऱ्याने हे पुस्तक घ्यावे. पात्रांची गर्दी मोठी असल्याने नावांची टिपणे ठेवलेली बरी.

काळोखा सूर, ‘भूतनाथ’ : ‘संतति’मधला ऐयार भूतनाथ, मूळ नाव गदाधरसिंह, इतरांहून वेगळा आहे. त्याच्या पूर्वायुष्यातील दुष्कृत्यांचे पुरावे शत्रूंच्या हाती आहेत, आणि ते बाहेर येऊ नयेत म्हणून तो नवनवी पापे करत जातो. त्याचीच जीवनकथा म्हणून लिहिलेली ही कादंबरी 21 भागांची आहे. पहिले 6 भाग लिहून देवकीनंदन वारले. उरलेले त्यांचे पुत्र दुर्गाप्रसाद खत्री (1895–1974) यांनी पुरे केले. तिलिस्म येथेही आहे, पण वाचक अडकतो तो भूतनाथाच्या भीतीत. जॉन ल कारेच्या ‘द स्पाय हू केम इन फ्रॉम द कोल्ड’ (1963) या कादंबरीतील, आपल्याच डावात गुरफटलेला हेर ज्यांना भावतो, त्यांनी इथून सुरुवात करावी.

राजकीय सूर : दुर्गाप्रसादांच्या ‘प्रतिशोध’, ‘लालपंजा’, ‘रक्तमंडल’ आणि ‘सुफेद शैतान’ या कादंबऱ्यांत राजेरजवाड्यांची जागा परकी सत्तेविरुद्धच्या गुप्त संघटनांनी घेतली, आणि तिलिस्मी खंजिराच्या जागी वैज्ञानिक कल्पनेतली शस्त्रे आली. वडिलांची साधने आणि क्रांतिकारकांचा काळ एकत्र पाहायचा असेल त्याने त्या वाचाव्यात.

वास्तवाच्या जवळ, ‘किम’ : रुडयार्ड किप्लिंगच्या या कादंबरीत (1901) तिबेटी लामा बनारसच्या तीर्थंकरांच्या मंदिरात मुक्काम ठेवतो आणि शाळा सुटलेला किम त्याला तेथे भेटतो. तेथून निघाल्यावर दिल्लीकडे जाणाऱ्या गाडीत एक जखमी, घाबरलेला मराठा त्यांच्या डब्यात शिरतो. त्याच्या गळ्यातील ताईत पाहून किम ओळखतो की हा आपल्याच हेरखात्याचा माणूस. त्याचे नाव ई.23 एवढेच. दक्षिणेत त्याने मिळवलेले पत्र चितोडला एका दगडाखाली लपवले आहे. शत्रूंनी खोटे प्रेत आणि खोटे साक्षीदार उभे करून त्याच्यावर खुनाचा आळ घातला आहे, आणि दिल्लीच्या फलाटावर पोलीस त्याचे वर्णन हाती घेऊन थांबले आहेत. किमकडे तिलिस्म नाही. राख, रंग आणि थोडी अफू एवढ्यावर तो धावत्या गाडीत त्या मराठ्याचा राख फासलेला, तारवटलेल्या डोळ्यांचा साधू करतो. तेजसिंहाचीच ही कला. फरक एवढाच की येथे सोंग पकडले गेले तर फाशी आहे आणि खाते हात झटकून मोकळे होणार आहे.

‘किम’मागे खरी हेरगिरी आहे. सर्व्हे ऑफ इंडियाने तिबेटात धाडलेले नैनसिंह जानेवारी 1866 मध्ये ल्हासाला पोहोचले. त्यांच्या जपमाळेत 108 ऐवजी 100 मणी होते आणि दर 100 पावलांना एक मणी सरकवला जाई. सुमारे 2000 पावले म्हणजे एक मैल. नोंदींचे कागद प्रार्थनाचक्रात लपवलेले असत. किमलाही माळेवर अंतर मोजायला शिकवतात. ब्रिटिश सत्ता हीच न्याय्य, हे किप्लिंगचे गृहीतक मात्र वाचकाने ध्यानात ठेवावे. त्या बाबतीत ‘किम’ मुळीच वास्तव नाही.

निवड : सूर ओळखण्याची सोपी कसोटी म्हणजे सोंग उघडे पडल्यावर काय होते ते पाहणे. ‘चंद्रकांता’मध्ये ऐयार कैद होतो आणि सुटतो, ‘संतति’मध्ये नवे यंत्र पुढे येते, ‘भूतनाथ’मध्ये जुने पाप वर येते, ‘किम’मध्ये माणूस जीवाला मुकतो. प्रथमच वाचणाऱ्याने ‘चंद्रकांता’ घ्यावी, कारण ती आटोपशीर आहे आणि खत्रींच्या पुढच्या पुस्तकांतील बऱ्याच साधनांची ओळख तिच्यातच होते. मात्र या परंपरेतील सर्वांत खोल हेर भूतनाथ हाच आहे.