दुसऱ्या कडव्यातला पाद्री

आमचा सदाशिव पेठेतला वाडा पाडायचं ठरलं तेव्हा घरच्यांनी एक शेवटचं स्नेहभोजन ठेवलं, आणि त्यासाठी एक गाणं करायची जबाबदारी माझ्यावर आली. मी पोटापाण्यासाठी कोड लिहितो आणि शनिवार-रविवारी पेटी बडवतो, एवढंच काय ते माझं क्वालिफिकेशन. धृपद बरं जमलं. त्यात 'आपलं घर' हे दोन शब्द फिरून फिरून येत होते. पहिल्या कडव्यात पहाटे नळाला पाणी येतं, आजी हंडा घेऊन अंगणात येते आणि प्राजक्ताचा सडा चुकवत चालते. दुसऱ्या कडव्यात ओसरी, जातं, कोनाडा, माळ्यावरचा पितळी बंब. चुलतभाऊ तबल्याला बसणार होता, त्याला गाऊन दाखवलं. तो म्हणाला, "पहिलं कडवं झकास. दुसऱ्यात मी चहा टाकून आलो. काही चुकलं का माझं?"

काहीच चुकलं नव्हतं, आणि तीच तर गोम होती.

दुसरं कडवं का बसतं याचा मी मग जरा शोध घेतला. (रिलीज तोंडावर असताना. असो.) चाल हे एक कारण असतंच. पहिल्या कडव्याला चाल नवी असते, त्यामुळे शब्द साधे असले तरी कान टवकारलेले असतात. दुसऱ्याला तीच चाल परत येते, म्हणजे नवेपणाचा सगळा भार शब्दांवर पडतो. आपले संगीतकार यावर कधी कधी मधल्या अंतऱ्याची चालच बदलून टाकतात. पण मोठं कारण रचनेत आहे. लिहिणारा पहिल्या कडव्यात आपलं सगळ्यात चांगलं चित्र खर्च करतो, धृपदात गाण्याचा अर्थ सांगून टाकतो, आणि दुसऱ्याच्या वेळी त्याच्या हातात उरतात ती पहिल्या चित्राची भावंडं. आजी झाली, आता जातं. जातं झालं, आता बंब. ऐकणाऱ्याला ही यादी आधीच ठाऊक असते. पोवाड्याला हा त्रास होत नाही, कारण तिथे पुढच्या चौकात पुढची घटना घडायचीच असते. भाव सांगणाऱ्या गाण्यात पुढे काही घडण्याची सक्ती नसते, म्हणून तिथे हा खड्डा हमखास लागतो.

याच खड्ड्याच्या काठावर उभं असलेलं आणि त्यात न पडलेलं एक गाणं मला माहीत होतं, ते म्हणजे बीटल्सचं 'एलिनॉर रिग्बी'. ऑगस्ट १९६६ मध्ये 'रिव्हॉल्व्हर' या अल्बमबरोबर आलं. लांबी जेमतेम दोन मिनिटं. गाण्यात फक्त दोन कॉर्ड, ई मायनर आणि सी मेजर. चौघांपैकी एकानेही त्यात वाद्य वाजवलेलं नाही. जॉर्ज मार्टिनने बसवलेली आठ तंतुवाद्यं आहेत (चार व्हायोलिन, दोन व्हायोला, दोन चेलो) आणि त्यावर गाणारे गळे. तिन्ही कडव्यांना तीच चाल. म्हणजे दुसरं कडवं बसायला याहून सोयीची जागा मिळणार नाही.

सुरुवात पॉल मॅकार्टनीने पियानोवर केली. त्याच्याकडे एक चित्र आलं होतं. चर्चमध्ये लग्न होऊन गेलंय, आणि एक बाई तिथे पडलेले तांदूळ वेचतेय. आपण याला अक्षता म्हणू, तिकडे नवरा-नवरीवर तांदूळ उधळायची पद्धत होती. दुसऱ्यांच्या लग्नातल्या अक्षता गोळा करणारी एकटी बाई. एका वाक्यात अख्खं आयुष्य, आणि पुढचं लिहिणं अवघड करून ठेवणारं. नाव आधी होतं डेझी हॉकिन्स. मग 'हेल्प!' सिनेमात काम केलेल्या एलिनॉर ब्रॉन या नटीवरून एलिनॉर आलं, आणि ब्रिस्टलमधल्या एका दुकानाच्या पाटीवरून रिग्बी. निदान मॅकार्टनी तरी असंच सांगत आलाय. (लिव्हरपूलच्या ज्या चर्चच्या जत्रेत १९५७ साली तो आणि लेनन पहिल्यांदा भेटले, त्याच्या आवारात याच नावाचं थडगं आहे. नकळत डोक्यात राहिलं असेल, असं त्याचंही म्हणणं आहे.)

आता इथे थांबून विचार करा, तुम्ही दुसरं कडवं काय लिहिलं असतं? मी तरी एलिनॉरला घरी पाठवलं असतं. एकटीसाठी चहा, एकच कप, खिडकीवर पाऊस. प्रत्येक ओळ कदाचित सुरेखही झाली असती. पण तांदूळ वेचणारी बाई चहा एकटीच पिणार हे ऐकणाऱ्याने पहिल्या ओळीतच ताडलंय. आपण फक्त त्याच्या अंदाजावर शिक्का मारतोय. शिवाय पहिल्या कडव्याच्या उत्तरार्धातच ती खिडकीशी ठेवणीतला चेहरा घालून कुणाची तरी वाट बघत बसलेली आहे. तिच्या घरातली शिल्लक तिथेच संपली.

प्रत्यक्षात दुसऱ्या कडव्यात एलिनॉर नाहीच! तिथे एक पाद्री येतो, फादर मॅकेन्झी. कुणी ऐकायला येणार नाही असं प्रवचन तो लिहितोय, आणि रात्री एकटाच आपले मोजे रफू करतोय. पहिल्या कडव्याशी याचा धागा फक्त चर्चचा. दोघं भेटत नाहीत, एकमेकांना ओळखतात की नाही तेही कळत नाही.

हे जमवताना लेननच्या घरी बरीच मंडळी बसली होती, आणि त्या बैठकीची हकीकत लेननचा शाळासोबती पीट शॉटन याने १९८३ च्या आपल्या पुस्तकात दिली आहे. पाद्र्याचं नाव आधी मॅकार्टनी होतं. लोकांना वाटेल हा आपल्या बापाबद्दल लिहितोय, म्हणून टेलिफोन डिरेक्टरी उघडून मॅकेन्झी निवडलं. मोज्यांची कल्पना रिंगोची. शेवट कसा करायचा यावर गाडी अडली तेव्हा शॉटननेच सुचवलं, की पाद्रीच एलिनॉरचे अंत्यसंस्कार करतोय असं दाखवा, म्हणजे दोन एकटी माणसं भेटतील, पण उशिरा. लेननने ते उडवून लावलं म्हणे. मॅकार्टनीने मात्र उचललं. पुढे १९८० च्या एका मुलाखतीत लेननने पहिलं कडवं पॉलचं आणि बाकीचं बहुतेक आपलं असल्याचा दावा केला, तो मॅकार्टनीला मान्य नाही. म्हणजे भांडण आहे ते दुसऱ्या कडव्यापासून पुढच्या भागावर. मला त्यात गंमत वाटते. पहिलं चित्र एकाला पियानोवर बसल्या बसल्या सापडलं, आणि पुढच्यासाठी घरभर माणसं लागली.

पण पाद्री आणून नेमकं साधलं काय? मी बरेच दिवस समजत होतो की 'नवं पात्र आलं, व्हरायटी झाली'. तसं नाही. धृपद ऐका. त्यात जगातल्या सगळ्या एकट्या माणसांबद्दल प्रश्न विचारलाय. अनेकवचनी! आणि पहिल्या कडव्यानंतर आपल्यासमोर माणूस आहे एकच. तिथे धृपद थोडं उधारीवर बोलतंय. दुसऱ्या कडव्यात दुसरा माणूस येतो, तोही समाजात मान असलेला, ज्याच्याकडे इतरांनी आधारासाठी जायचं असा, आणि ती उधारी फिटते. तेच शब्द, तीच चाल, पण दुसऱ्यांदा आलेलं धृपद आता एका बाईची कणव करत नाही, ते सगळ्या गावाकडे बघतंय. म्हणजे दुसऱ्या कडव्याने आणायची नवी माहिती धृपदाला पाहिजे असलेली हवी. नुसती नवी असून भागत नाही. फादरऐवजी एखादा आनंदी खाटिक आणला असता तर तोही नवाच होता की.

हे तपासायला मी आधी एक सोपी टेस्ट धरली होती: पहिलं आणि दुसरं कडवं अदलाबदल करून बघायचं, काही बिघडलं नाही तर दुसरं पोकळ. माझ्या गाण्यावर ती लागू पडली. जातं आधी घ्या नाहीतर आजी आधी घ्या, काडीचा फरक नाही. पण 'एलिनॉर रिग्बी'वर हीच टेस्ट लावली तर पाद्री आधी आणि बाई नंतर हेही बऱ्यापैकी चालतं! तेव्हा टेस्टच चुकीची. खरी टेस्ट म्हणजे दुसरं कडवं कॉमेंट आउट करायचं आणि गाणं चालवायचं. तिसऱ्या कडव्यात एलिनॉर मरते, दफनाला कुणी येत नाही, आणि पाद्री हाताची माती झटकत निघून जातो. दुसरं कडवं नसेल तर हा पाद्री कुणीतरी ड्यूटीवरचा माणूस. ते असेल तर आपल्याला माहीत आहे की तो परत त्याच खोलीत, त्याच मोज्यांकडे चाललाय. आणि धृपद तर आधीच तुटलेलं असतं.

मग मी माझ्या वाड्याकडे परत आलो. 'आपलं घर' म्हणताना 'आपलं' म्हणजे कुणाचं, हे माझं धृपद कधी विचारतच नव्हतं. गाणाऱ्यांचं, म्हणजे प्रॉपर्टी कार्डावर नावं असलेल्यांचं, हे गृहीत. जातं, बंब, कोनाडा काढून टाकलं. आमच्या मागच्या दोन खोल्यांत भाड्याने राहणारे काका १९७१ साली आले. दर दिवाळीला ते दिंडी दरवाजाला स्वतःच्या पैशांनी हिरवा ऑइलपेंट लावत. भाड्याच्या पावत्या बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात. आता रक्कम घेऊन ते धायरीला मुलाकडे जाणार होते, आणि जेवणाला तेही येणार होते. दुसऱ्या कडव्यात मी फक्त रंगाचा डबा आणि ब्रश घेतलेला माणूस ठेवला. तो भाडेकरू आहे हे कडव्याच्या शेवटच्या शब्दात कळतं, आणि लगेच धृपद.

भाऊ या वेळी चहाला उठला नाही. म्हणाला, "हे बाबांसमोर म्हणणारेस?" ती भीती मलाही होती. आमच्याकडे वाटण्यांवरून आधीच अर्धे लोक अर्ध्यांशी बोलत नव्हते. पण जुनं कडवं परत घालायचं म्हणजे पुन्हा बंब. म्हटलं तसंच.

पंगत उठल्यावर काका पेटीपाशी आले. गाण्याबद्दल चकार शब्द नाही. म्हणाले, "हिरवा शेवटची सहा वर्षं. त्याआधी कायम चॉकलेटी होता. आणि पाणी पहाटे यायचं हे बरोबर, पण तुझ्या आजीच्या आधी हंडा आमचा लागायचा."

बाबा शेजारीच होते. ते म्हणाले, "हो, ते खरंय."

चॉकलेटी मी बदलला. मात्रा बसवायला दोन रविवार गेले.