बेव्हरवाइकचा शिक्का

ब्राउझरच्या वरच्या पट्टीत, पत्त्याच्या डावीकडे, एक इवलेसे कुलूप असे. क्रोम ब्राउझरने ते २०२३ साली काढून टाकले. फायरफॉक्समध्ये ते त्यानंतरही दिसत राहिले. हे कुलूप दिसले की जागा भरवशाची, अशी समजूत पुष्कळ वर्षे लोकांच्या मनात रुजली होती. वस्तुतः कुलूप एवढे मोठे आश्वासन कधीच देत नव्हते. तुमचे बोलणे वाटेत कोणाला वाचता येणार नाही, आणि पलीकडे जो आहे तो वर लिहिलेल्या नावाचाच धनी आहे अशी कोणीतरी साक्ष दिली आहे, इतकेच त्याचे म्हणणे. यातील पहिला भाग गणिताचा आहे आणि तो बराच भक्कम आहे. दुसरा भाग साक्षीदाराचा आहे. हा साक्षीदार कोण, आणि तो फसला तर काय होते, याची हकीकत २०११ साली हॉलंडमधील बेव्हरवाइक या गावी घडली. तीच आज आम्हांस सांगावयाची आहे.

प्रथम थोडी पूर्वपीठिका सांगणे भाग आहे. १९७६ साली डिफी आणि हेलमन या दोन अमेरिकन संशोधकांनी जोडकिल्ल्यांची कल्पना मांडली. प्रत्येकाजवळ दोन किल्ल्या असाव्या. एक सर्व जगाला उघड द्यावी, दुसरी स्वतःपाशी गुप्त ठेवावी. उघड्या किल्लीने बंद केलेला मजकूर गुप्त किल्लीनेच उघडतो, आणि गुप्त किल्लीने केलेली सही उघड्या किल्लीने कोणालाही पडताळता येते. कल्पना मोठी सुंदर होती. परंतु उघडी किल्ली खरोखर त्याच माणसाची आहे हे ओळखावे कसे? डिफी आणि हेलमन यांच्या मनात टेलिफोनच्या पुस्तकासारखी एक सार्वजनिक यादी होती. १९७८ साली एमआयटीतील लॉरेन कोनफेल्डर या विद्यार्थ्याने आपल्या पदवीच्या प्रबंधात निराळा मार्ग सुचविला. दर वेळी यादीकडे धावत जाण्याऐवजी, यादी राखणाऱ्याने नाव आणि किल्ली एका चिठ्ठीवर लिहून तिच्यावर आपली सही करावी, आणि ज्याची त्याने ती चिठ्ठी बरोबर बाळगावी. या चिठ्ठीलाच प्रमाणपत्र हे नाव पडले, आणि आजही ती मूलतः तशीच आहे.

आता ब्राउझरमध्ये काय घडते ते पाहू. आपण एखाद्या बँकेच्या पत्त्यावर गेलो की बँकेचा संगणक आपली चिठ्ठी पुढे करतो. तिच्यावर एका मधल्या संस्थेची सही असते. त्या मधल्या संस्थेचीही एक चिठ्ठी असते आणि तिच्यावर तिच्या वरच्याची सही असते. असे करीत करीत साखळी एका मूळ संस्थेपाशी पोचते. या मूळ संस्थांची यादी ब्राउझर किंवा संगणकाची कार्यप्रणाली बनविणाऱ्यांनी आधीच आत घालून ठेवलेली असते. वाचकांपैकी कोणी ती यादी कधी उघडून पाहिली असेल असे आम्हांस वाटत नाही. तिच्यात शंभराहून अधिक नोंदी असत, आणि त्या जगाच्या नाना कोपऱ्यांतील. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. यांतील कोणतीही संस्था कोणत्याही नावासाठी साक्ष देऊ शकत असे. हॉलंडमधील एक लहानशी कंपनी गूगलच्या नावाची चिठ्ठी फाडू शकत होती, आणि जगातील जवळजवळ सर्व ब्राउझर ती निमूटपणे मान्य करीत.

डिजिनोटार नावाची ही कंपनी १९९८ साली एका नोटरीच्या पुढाकाराने आणि तेथील नोटरींच्या संस्थेच्या सहकार्याने निघाली. आपल्याकडे नोटरी म्हटला की कचेरीच्या दारात टेबल मांडून शिक्के मारणारा गृहस्थ डोळ्यांसमोर येतो. हॉलंडात तसे नाही. घराची विक्री असो की मृत्युपत्र, नोटरीच्या दप्तराशिवाय तेथे पान हलत नाही. अशा दप्तरी परंपरेतून निघालेल्या कंपनीकडे डच सरकारने आपल्या स्वतःच्या कामकाजाची प्रमाणपत्रेही सोपविली, यात नवल नव्हते. २०११ च्या जानेवारीत व्हॅस्को या अमेरिकन कंपनीने ती विकत घेतली.

त्याच वर्षी १७ जूनला कोणी परका तिच्या बाहेरच्या संगणकांत शिरला. जुलैच्या आरंभी तो आतल्या, एरवी वेगळ्या राखलेल्या भागात पोचला. १० जुलैला त्याने गूगलच्या सर्व उपनावांना लागू पडेल असे, `*.google.com` या नावाचे, प्रमाणपत्र करवून घेतले. हे त्याला कसे साधले, याचे वर्णन पुढे फॉक्स-आयटी या तपास करणाऱ्या कंपनीच्या अहवालात आले आणि ते वाचून खेद वाटतो. प्रमाणपत्रांवर सही करणारे सर्व संगणक एकाच कारभाराखाली होते. एका संकेतशब्दाने सर्वांत शिरता येत होते आणि तो संकेतशब्द दुबळा होता. सहीची गुप्त किल्ली एका मजबूत यंत्रात बंद होती हे खरे. ती किल्ली कोणी चोरली नाही, चोरण्याची गरजच पडली नाही. तिजोरी शाबूत, पण मुनिमाच्या खुर्चीवर चोर बसलेला आणि समोर येईल त्या कागदावर शिक्का उठवीत असलेला, असा तो प्रकार होता.

१९ जुलैला कंपनीच्या ध्यानात आले की आपण न दिलेली प्रमाणपत्रे आपल्या नावावर आहेत. तिने सापडली तेवढी रद्द केली आणि गप्प राहिली. ब्राउझरवाल्यांना कळविले नाही, सरकारलाही नाही. आमच्या मते या साऱ्या प्रकरणातील खरा अपराध हा होय. घरफोडी कोणाच्याही घरी होऊ शकते. साक्षीदाराने मात्र आपला शिक्का दुसऱ्याच्या हाती गेला होता हे लपविले, तर त्याच्याजवळ विकण्याजोगे दुसरे काय राहते?

ते गूगलचे प्रमाणपत्र सापडलेल्यांत नव्हते. ऑगस्टच्या अखेरीस इराणमधील एका मनुष्याने जाहीर विचारणा केली की, आपण जीमेल उघडू लागलो तर क्रोम हरकत घेतो, हे काय? क्रोमने हरकत घेतली त्याचे कारण साखळीत नव्हते. साखळीच्या दृष्टीने सर्व यथास्थित होते. परंतु गूगलने आपल्या नावांना कोणाकोणाच्या सह्या चालतील याची एक छोटी यादी क्रोममध्ये स्वतंत्रपणे बसविली होती आणि तिच्यात डिजिनोटार नव्हती. ज्यांच्याजवळ दुसरे ब्राउझर होते त्यांना कुलूप नेहमीसारखेच दिसले. त्यांच्या वाटेवर कोणी मध्ये बसून पत्रे उघडीत, वाचीत आणि पुन्हा बंद करून पुढे धाडीत होता, हे त्यांना कळण्याचा मार्गच नव्हता.

किती जण यात सापडले? याचे उत्तर अनपेक्षित ठिकाणी मिळाले. ब्राउझर प्रमाणपत्र पाहिल्यावर ते देणाऱ्या संस्थेला विचारतो, ‘हे अजून चालू आहे की रद्द झाले?’ ही विचारणा डिजिनोटारच्या संगणकाकडे येत असे आणि तिची नोंद राहत असे. तपास करणाऱ्यांनी ती दप्तरे उलगडली तेव्हा दिसले की, ४ ऑगस्टपासून या एका प्रमाणपत्राबद्दलच्या विचारणांचा पूर लोटला होता. सुमारे ३,००,००० निरनिराळ्या पत्त्यांवरून विचारणा झाली होती आणि त्यांतील शेकडा ९९ हून अधिक पत्ते इराणचे होते. प्रत्येक वेळी डिजिनोटारच्या संगणकाने उत्तर दिले होते, ‘चालू आहे’. २९ ऑगस्टला ते प्रमाणपत्र रद्द होईपर्यंत हे चालले. पाळत ठेवणाऱ्या राज्यात परक्याच्या हाती पत्रव्यवहार पडणे म्हणजे काय, हे त्या देशातील लोकांना विचारावे.

तपासात खोट्या प्रमाणपत्रांची संख्या ५३१ वर गेली. पण ती संख्याही पक्की म्हणता येत नव्हती, कारण घुसलेल्याने नोंदी पुसल्या होत्या. आपण काय काय दिले हे देणाऱ्यालाच ठाऊक नव्हते! आणि जे ठाऊक नाही ते रद्द कसे करणार? रद्द केलेल्यांच्या यादीत ज्याचा क्रमांक नाही ते चालू समजावे, असा तोवरचा शिरस्ता होता. आता तो उलटा करावा लागला. दिल्याची खात्रीशीर नोंद ज्याची आहे तेवढेच चालू, बाकी सारे रद्द, असे उत्तर देण्याची तजवीज करण्यात आली.

ब्राउझरवाल्यांनी तोवर वाट पाहिली नाही. गूगल, मोझिला, मायक्रोसॉफ्ट यांनी डिजिनोटारचे नाव आपापल्या यादीतून खोडले. ३ सप्टेंबरला मध्यरात्र उलटून गेल्यावर डच गृहमंत्री डोनर यांनी पत्रकारांना बोलावून सरकारनेही विश्वास काढून घेतल्याचे जाहीर केले. पण सरकारी कचेऱ्यांचे व्यवहार त्याच प्रमाणपत्रांवर चालत होते. ती एका रात्रीत बदलता येईनात. म्हणून मायक्रोसॉफ्टला विनंती करून ही दुरुस्ती खुद्द हॉलंडमध्ये काही दिवस लांबविण्यात आली. त्याच महिन्यात, २० तारखेला, कंपनीचे दिवाळे निघाले. हे कृत्य आपले, असे एकाने निनावी पत्रके प्रसिद्ध करून सांगितले आणि पुरावा म्हणून त्या खोट्या गूगल प्रमाणपत्राच्या गुप्त किल्लीने विंडोजमधल्या गणकयंत्राच्या प्रोग्रॅमवर सही करून दाखविली. तो खरोखर कोण, हे न्यायालयात कधी सिद्ध झाले नाही.

या प्रकरणातून एक उपाय निघाला आणि तो जुन्या दप्तरी शहाणपणाशी जुळणारा आहे. साक्षीदारावर साक्षीदार नेमण्याऐवजी, दिलेल्या प्रत्येक प्रमाणपत्राची नोंद एका उघड्या रोजमेळात करावी. त्यात भर घालता येईल, खोडता येणार नाही. लॉरी आणि लँगली या गूगलमधील दोघांनी ही पद्धत घडविली आणि २०१३ साली तिचे प्रमाण प्रसिद्ध झाले. रोजमेळातील नोंदी गणिताने अशा एकमेकींत गुंफलेल्या असतात की, मागची एक ओळ बदलली तरी अखेरची बेरीज जुळत नाही, आणि ती बेरीज कोणालाही तपासता येते.

रोजमेळ सक्तीचा होईपर्यंत काही वर्षे गेली आणि त्या काळात आपल्या देशालाही धडा मिळाला. २०१४ च्या जुलैमध्ये गूगलच्या नावांची काही प्रमाणपत्रे भारतातील नॅशनल इन्फर्मॅटिक्स सेंटरच्या सहीने निघालेली आढळली. त्याची साखळी भारत सरकारच्या प्रमाणन नियंत्रकापर्यंत जात होती आणि विंडोजवरील बहुतेक ब्राउझर त्याला मानीत. फायरफॉक्स आपली यादी स्वतंत्र ठेवी, तिच्यात हे मूळ नव्हते. त्यामुळे तो वाचला. पुढे क्रोमने भारतीय नियंत्रकाची साक्ष `gov.in`, `nic.in` अशा थोड्या भारतीय नावांपुरतीच मान्य करण्याचे ठरविले.

रोजमेळाचा उपयोग २०१५ च्या सप्टेंबरात दिसला. सिमँटेक या बड्या संस्थेच्या थॉट या शाखेतून `google.com` या नावाचे एक प्रमाणपत्र गूगलला न विचारता निघाले. चाचणीसाठी काढले होते, असा खुलासा झाला. त्याची मुदत एका दिवसाची होती. परंतु नोंद रोजमेळात पडली होती, ती गूगलच्या दृष्टीस आली, आणि चार-पाच दिवसांत गोष्ट जगजाहीर झाली. ३० एप्रिल २०१८ नंतर दिलेले जे प्रमाणपत्र रोजमेळात नाही ते क्रोम स्वीकारीत नाही. रोजमेळ खोटी चिठ्ठी फाडण्यापासून कोणाला थांबवीत नाही. ती फाडली गेल्यावर ज्याचे नाव वापरले त्याने रोजमेळ चाळला पाहिजे. आणि हे चाळण्याचे काम गूगलसारख्यांना जमते. एखाद्या तालुक्याच्या गावातील पतपेढीसाठी ते कोण करतो, ते आम्हांस दिसलेले नाही.