पिसाच्या मनोऱ्याचे संरचनात्मक परीक्षण

इटलीतील पाव्हिया येथील जुना मनोरा १९८९ मध्ये अचानक कोसळल्यानंतर, जानेवारी १९९० मध्ये पिसाचा झुकता मनोरा पर्यटकांसाठी बंद करण्यात आला. त्याचे परीक्षण मिकेले यामिओल्कोव्स्की यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीने केले.

निष्कर्ष

परीक्षणात दोन स्वतंत्र धोके आढळले. पहिला पायाखालच्या मऊ चिकणमातीचा. तिच्यामुळे दक्षिणेकडील सुमारे साडेपाच अंशांचा कल वाढतच होता. दुसरा भिंतींचा. संगमरवरी आवरणांमध्ये दगडचुन्याचा भराव असल्याने दक्षिणेकडील खालच्या भागात भार एकवटून आवरण फुटण्याची भीती होती.

उपाय

कल हेच वास्तूचे वैशिष्ट्य असल्याने मनोरा सरळ करणे अभिप्रेत नव्हते. म्हणून प्रथम काढून टाकता येतील असे तात्पुरते उपाय योजले गेले. १९९२ मध्ये पहिल्या मजल्याभोवती पोलादी तारा आवळण्यात आल्या, तर १९९३ मध्ये उत्तरेकडील पायावर सुमारे ६०० टन शिसे ठेवण्यात आले. शिशाऐवजी जमिनीत पोलादी नांगर बसवण्यासाठी १९९५ मध्ये माती गोठवताच कल झपाट्याने वाढला. ते काम थांबवून शिसे वाढवावे लागले.

अखेर मनोऱ्याला हात न लावता उत्तरेकडील पायाखालची माती थोडीथोडी काढण्यात आली. कल सुमारे अर्ध्या अंशाने घटला. हा फरक डोळ्यांना जाणवत नाही, पण धोका टळला. डिसेंबर २००१ मध्ये मनोरा पुन्हा खुला झाला.