धोंडू, केरबा, भिकाजी : दृष्ट चुकवणाऱ्या नावांच्या अभ्यासाची प्रस्तावना

जुन्या खानेसुमारीच्या किंवा शाळेच्या दप्तरात दगडू, केरबा, कचरू, उकिरडा, भिकाबाई, मसणू अशी नावं भेटली की आजचा वाचक थबकतो. पोटच्या पोराला असं नाव कोणी का ठेवावं? या अभ्यासाला याच प्रश्नापासून सुरुवात होते, म्हणून नव्या वाचकाने त्याचा संकोच करू नये.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आपल्याकडे जन्मणाऱ्या पाच मुलांतलं साधारण एक वर्षाचं व्हायच्या आत जात असे. सटवाई नेते, कुणाची तरी दृष्ट लागते, असा समज होता. दोन-तीन पोरं गेल्यावर पुढचं जगावं म्हणून त्याची किंमत मुद्दाम पाडली जाई. बाळाला सुपात घालून उकिरड्यावर ठेवायचं, शेजारणीने ते उचलायचं आणि आईने पसाभर धान्य देऊन तिच्याकडून ते विकत घ्यायचं. मग ते मूल आईचं उरत नाही, ते केरातून आलेलं, म्हणून केरबा किंवा उकिरडा. पाच घरी भीक मागून आणलेल्या धान्यावर किंवा कपड्यावर ज्याला वाढवलं तो भिकाजी. मुलाचं नाक टोचून त्याला मुलीसारखं वाढवलं तर नथू. नाव हा त्या विधीचाच शेवटचा भाग होता. म्हणून शब्दाचा अर्थ लावण्याआधी विधी शोधावा, असं मला ठामपणे वाटतं.

धोंडू हेच नाव घेऊ. दगडासारखा टणक राहो, कुणी उचलून नेण्याजोगा न दिसो, हा त्याचा एक उगम. पण अधिक महिन्याला आपण धोंड्याचा महिना म्हणतो आणि त्या महिन्यात जन्मलेलं मूलही धोंडू किंवा धोंडाबाई होतं. गावदेवीच्या तांदळ्याला केलेल्या नवसातूनही हे नाव येऊ शकतं. नाव एकच, कारणं तीन.

आता एखाद्या घरातला धोंडू तपासायचा तर गावच्या कोतवाल बुकातल्या जन्ममृत्यूच्या नोंदी उघडाव्यात. तिथे बाळाचं नाव पुष्कळदा मिळत नाही. नाव बारशाला ठेवलं जातं आणि नोंद त्याआधीच झालेली असते. पण बापाचं नाव, मुलगा की मुलगी आणि तारीख मिळते. त्याच बापाची आधीची मुलं मयत दिसली, तर दृष्ट चुकवण्याचं कारण बळकट होतं. आधीची भावंडं जगलेली असतील तर जन्मतारीख पंचांगात पाहावी; अधिक महिना साधारण बत्तीस-तेहतीस महिन्यांनी येतो. तारीख त्यात बसली, तर मृत्यूची कथा जोडण्याचं कारण नाही. दोन्ही जुळलं नाही तरच नवसाकडे वळावं आणि घरातल्या सर्वांत वयस्क बाईला विचारावं. बारसं बायकांनी केलेलं असतं. पुरुषांना त्यातलं फारसं ठाऊक नसतं.

भावंडांची नावंही सांगतात. राम, विठ्ठल, सखाराम यांच्यामध्ये एकटाच कचरू असेल, तर त्या एका पोरासाठी केलेला तो बचाव आहे. पण पिढ्यान्‌पिढ्या घरातली सगळीच नावं तशी असतील, तर जातीचा विचार केल्यावाचून पुढे जाता येत नाही. शूद्राचं नाव निंदादर्शक असावं, असं मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात सांगितलेलं आहे. धोंडो हे नाव सर्व थरांत होतं. महर्षी कर्वेही धोंडो आणि 1857च्या उठावातले नानासाहेब पेशवेही धोंडोपंत. पण एका धोंडूचा धोंडोपंत होतो आणि दुसऱ्याचा धोंड्या. हा फरक आईने केलेला नाही. ‘बलुतं’ लिहिणाऱ्या दया पवारांचं मूळ नाव दगडू. अशा प्रत्येक नावाला आईची माया म्हणून गौरवणं मला अन्यायाचं वाटतं.

नकुशीला तर या यादीत घेऊच नये. तिच्या आधी मुली जगलेल्या असतात. पुढे मुलगा व्हावा म्हणून तिला ते नाव मिळतं. दगडाबाईला राखायचं असतं, नकुशीला नाकारलेलं असतं. सातारा जिल्ह्यात 2011 साली 280हून अधिक नकुशींची नावं समारंभाने बदलली गेली, ते योग्यच झालं. मात्र त्याच न्यायाने आजोबांच्या दगडूचा कागदोपत्री ‘दिगंबर’ करू नये; त्या घरात आधी गेलेल्या भावंडांची ती बहुधा एकमेव खूण असते.

ज्यांच्या घरी असं नाव आहे, त्यांनी ते कोणी ठेवलं, कितव्या खेपेला ठेवलं आणि आधीच्या मुलांचं काय झालं, एवढं तरी आजी-आत्यांना विचारून तारखेसह लिहून ठेवावं.