पॉलिसीचा हप्ता उशिरा भरला तर काय तुटते?

आरोग्य विम्याची मुदत संपल्यानंतर नूतनीकरणासाठी जी जादा सवलत मिळते, तिला ग्रेस पीरियड म्हणतात. हप्ता दरमहा असेल तर ही सवलत 15 दिवसांची असते आणि वार्षिक, सहामाही किंवा तिमाही असेल तर 30 दिवसांची. बऱ्याच घरांत याचा अर्थ "अजून महिनाभर विमा चालूच आहे" असा घेतला जातो. गफलत इथेच होते.

एक उदाहरण घेऊ. अब्बांना मधुमेह आहे. 1 जून 2022 रोजी त्यांची पॉलिसी सुरू झाली. आधीपासूनच्या आजारांसाठी तिच्यात 36 महिन्यांचा वेटिंग पीरियड, म्हणजे थांबण्याचा काळ होता. दरवर्षी हप्ता वेळेवर भरल्याने 31 मे 2025 ला तो पूर्ण झाला. त्याच मध्यरात्री पॉलिसीची मुदतही संपली. वर्षाचा हप्ता एकरकमी असल्याने ग्रेस पीरियड 30 जूनपर्यंत होता.

समजा, मुलाने 20 जूनला पैसे भरले. मग तीन वर्षांची कमाई शाबूत राहते, मधुमेहासाठी पुन्हा थांबावे लागत नाही. पण 1 जूनपासून पैसे भरेपर्यंतच्या दिवसांना संरक्षण नसते. 10 जूनला अब्बांना दवाखान्यात भरती करावे लागले असते, तर ते बिल घरच्यांनाच भरावे लागले असते. नंतर हप्ता भरून तो क्लेम मंजूर होत नाही. वर्षाचा हप्ता तुकड्यांत भरण्याची सोय घेतली असेल, तर मात्र मधल्या हप्त्याच्या ग्रेस पीरियडमध्ये संरक्षण द्यावे लागते.

आता समजा, पैसे 5 जुलैला भरायला गेले. तोवर पॉलिसी बंद झालेली असते. कंपनी साधारणपणे नवा प्रस्ताव मागते, वैद्यकीय तपासणीही सांगू शकते आणि प्रस्ताव नाकारूही शकते. नवी पॉलिसी मिळाली तरी घड्याळ शून्यावर येते. सुरुवातीचे 30 दिवस अपघात सोडून इतर आजारांचा क्लेम नाही, आणि मधुमेहासाठी पुन्हा 36 महिने, म्हणजे जुलै 2028 पर्यंत थांबायचे. सलग 60 महिन्यांनंतर फसवणूक वगळता माहिती लपवल्याचे कारण सांगून कंपनीला क्लेम नाकारता येत नाही. तो हिशेबही पुन्हा पहिल्यापासून. पाच दिवसांच्या उशिराने तीन वर्षे गेली.

बऱ्याचदा हे मुद्दाम होत नाही. खात्यात शिल्लक कमी असल्याने आपोआप कपात होत नाही, किंवा मोबाइल नंबर बदलल्याने आठवणीचा मेसेज पोहोचत नाही. म्हणून पैसे कापल्याच्या मेसेजवर समाधान मानू नका. नवी पॉलिसी हाती आली की तिची सुरुवातीची तारीख जुन्या पॉलिसीच्या शेवटच्या तारखेशी जुळते का, ते पाहा. मध्ये दिवस सुटले असतील तर तेवढे दिवस विमा नव्हता. अम्मी-अब्बांची पहिल्या पॉलिसीची तारीखही नव्या कागदावर आहे ना, ते तपासा. नसेल, तर कंपनीला लगेच लेखी कळवा आणि जुन्या पॉलिसींच्या प्रती जोडा.